पहिली मॅरेथॉन, सहा डिग्रीत तासभर उभं राहायचंय आणि नंतर पाऊस: काय घालू, काय फेकू?

प्रश्न: माझी पहिलीच फुल मॅरेथॉन आहे, टार्गेट 4:45. रेस 7 ला सुटते पण माझी वेव्ह 7:20 ची, आणि बॅग काउंटर 6:15 लाच बंद होतंय. फोरकास्ट असं दाखवतोय की सकाळी 6 डिग्री, 10 नंतर 12 डिग्री पण पाऊस आणि 20-25 च्या स्पीडचा वारा. जॅकेट घालून धावू का? थंडीत उभं राहताना काय करू? लोक कपडे फेकतात म्हणे, ते नक्की कधी आणि कुठे फेकायचे?

उत्तर:

जॅकेट घालून सुरुवात करू नका, पण जॅकेटसारखं काहीतरी सोबत ठेवा, कारण तुमची खरी थंडी सकाळी 7 ला नाहीये, ती 10 नंतर आहे. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

मी बरीच वर्षं पेसर म्हणून धावतोय, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवणारा, बहुतेक वेळा साडेचार-पावणेपाच तासांच्या गटात, म्हणजे तुमच्याच स्पीडची मंडळी माझ्या आजूबाजूला असतात. आणि एकच चूक परत परत बघतो: उभं राहायला आणि धावायला एकच ड्रेस. सहा डिग्रीत कुडकुडायला होतं म्हणून माणूस जाड फुल स्लीव्ह घालून येतो, तोच घालून धावायला लागतो, पाचव्या किलोमीटरला घामाघूम, पंधराव्याला तो टी-शर्ट ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटलेला आणि पुढे वारा सुटला की त्याच ओल्या कपड्यातून गारठा थेट हाडात. थंडी वाजू नये म्हणून घातलेल्या कपड्यानेच शेवटी थंडी वाजते!

कारण साधं आहे. नुसता उभा असलेला माणूस साधारण 100 वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतो, आणि तुमच्या स्पीडने धावायला लागला की त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे एकाच सकाळी तुम्ही दोन वेगळी माणसं असता, आणि दोघांचे कपडे वेगळे लागतात. धावायचे कपडे असे निवडा की थर्मामीटर आहे त्यापेक्षा आठ-दहा डिग्री जास्त दाखवतोय असं समजून. तुमचे 6 म्हणजे 14-16 डिग्रीत बाहेर फिरायला काय घालाल ते. आणि उभं राहायचे कपडे वेगळे, जुने, ज्यांच्यावर जीव नाही असे.

आता तुमचा वेळेचा हिशोब मांडू. 6:15 ला बॅग दिली आणि 7:20 ला निघालात, म्हणजे 65 मिनिटं तुमच्या अंगावर आहे तेवढंच. 4:45 साठी पेस किलोमीटरला 6:45 मिनिटांचा. 7:20 ला निघून 10 वाजेपर्यंत 160 मिनिटं होतात, त्यात तुम्ही साधारण पावणेचोवीस किलोमीटरला असाल. म्हणजे फोरकास्ट बरोबर निघाला तर शेवटचे अठरा-एक किलोमीटर, दोन तासांच्या वर, पावसात आणि वाऱ्यात. पहिलीच फुल आहे, तिसाव्या किलोमीटरनंतर पेस 8 वर घसरला (घसरतोच बहुतेकांचा, मनाला लावून घेऊ नका) तर अजून पंधरा मिनिटं. हा भाग लक्षात ठेवा, मी परत येतो त्यावर.

आधी उभं राहायचं बघू.

वर एक जुना चेनवाला स्वेटशर्ट. चेनवालाच घ्या, डोक्यातून काढायचा नको, कारण टोपी, चष्मा, घड्याळ, इयरफोन हे सगळं लावून झाल्यावर गर्दीत तो डोक्यातून ओढताना काहीतरी खाली पडतंच. खाली जुनी ढगळ ट्रॅक पँट, जी शूज न काढता निघेल अशी. घरीच ट्राय करा, शूज घालून, उभ्या उभ्या. अडकत असेल तर दोन्ही पायांची शिवण बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत कात्रीने उसवून टाका, तसंही ती परत येणार नाहीये. मी एकदा स्टार्टच्या चार मिनिटं आधी एका पायावर लंगडी घालत, घोट्याला अडकलेली पँट ओढत शेजारच्याच्या खांद्यावर कोसळलोय, त्यामुळे कळकळीने सांगतोय.

त्याच्यावर मोठी कचऱ्याची पिशवी. डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं आदल्या रात्रीच कापा, तिथे दाताने फाडत बसलं की ती नको तिथपर्यंत फाटते. प्लास्टिक स्वतः गरम नसतं, पण वारा अडवतं, आणि वारा अडला की आतला स्वेटशर्ट त्याचं काम नीट करतो. चमकणारं फॉइल ब्लँकेट असेल तर ते बाहेर फडफडत ठेवण्यापेक्षा स्वेटशर्टच्या आत गुंडाळा, जास्त उब मिळते. बाहेर ठेवलं तर वाऱ्याने उडतं, आवाज करतं आणि खालून सगळी गरम हवा निघून जाते.

पाय लोक विसरतात. पहाटे गवत ओलं असतं, आणि 6:15 ला ओले झालेले मोजे दुपारी 12 ला फोड दाखवतात. शूजवरून साध्या प्लास्टिकच्या पिशव्या, घोट्याला रबर बँड, बस. बसायचं असेल तर खाली पुठ्ठा घ्या. थंड जमीन आणि दगडी कट्टा बुडातून जेवढी उष्णता ओढतात तेवढी हवा पण ओढत नाही. आणि वाऱ्याला पाठ करून, गर्दीच्या आतल्या बाजूला उभं राहा, कडेला नको.

तासभर उड्या मारून गरम राहायचा प्रयत्न करू नका. कुडकुडणं म्हणजे सुद्धा स्नायूंचं कामच आहे, ते तुमचंच साठवलेलं इंधन जाळतं जे पस्तिसाव्या किलोमीटरला हवं असतं. म्हणूनच तर हा कपड्यांचा सगळा खटाटोप. थंडीत लघवी पण जास्त लागते, ते नॉर्मल आहे, घाबरून पाणी बंद करू नका, फक्त टॉयलेटच्या लाइनमध्ये लवकर उभे राहा.

आता काढायचं कधी. सगळ्यात कॉमन घोळ असा की 7 ला पहिल्या वेव्हचा हॉर्न वाजतो, पब्लिक उत्साहात सगळं काढून फेकतं आणि मग वीस मिनिटं शॉर्ट्समध्ये उभं. तुमच्या वेव्हचा हॉर्न वाजला तरी लाइनपर्यंत चालत जायला पाच-दहा मिनिटं सहज लागू शकतात. त्यामुळे हॉर्न ऐकून काढू नका, स्टार्टची कमान डोळ्याला दिसली की काढा.

माझा क्रम असा: शूजवरच्या पिशव्या कोरलमध्ये, म्हणजे तुमच्या वेव्हसाठी बॅरिकेड लावलेल्या जागेत, शिरल्यावर. पँट निघायच्या आधी दहा मिनिटं, कारण तिला जागा लागते आणि शेवटी गर्दी इतकी दाटते की वाकता येत नाही. पाय तसेही थंडी सोसतात, छाती आणि हात सोसत नाहीत. स्वेटशर्ट आणि फॉइल लाइनच्या पन्नास-शंभर मीटर आधी. पिशवी मात्र पाऊस नसेल तर स्वेटशर्टसोबतच, पाऊस असेल तर लाइन ओलांडून पहिला किलोमीटर दीड किलोमीटर अंगावर चालते. त्यापुढे नको, आत घाम साचायला लागतो आणि प्लास्टिकमधून तो उडून जात नाही. मानेखाली दमट वाटायला लागलं की फाडून काढायची.

इथे एक टेक्निकल गोष्ट. टायमिंगची चिप बहुतेक वेळा बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या, मागे चिकटवलेली पातळ पट्टी असते आणि स्टार्टच्या मॅटवर तिचा सिग्नल वाचला जातो. बिबच्या पुढे फॉइल ब्लँकेट असेल तर ते धातूचं असल्यामुळे सिग्नल अडू शकतो. मग रिझल्टमध्ये तुमचा स्टार्टच नाही, आणि लाइनपर्यंत चालत गेलेली मिनिटं तुमच्या टायमिंगमध्ये धरली जातात. म्हणून फॉइल लाइनच्या आधी काढायचंच. प्लास्टिकची पिशवी आणि कापड याचा तसा त्रास नसतो. बिब नेहमी सगळ्यात आतल्या, शेवटपर्यंत राहणाऱ्या कपड्यावर लावा. स्वेटशर्टवर बिब पिन करून तो स्वेटशर्टच फेकून देणारे महाभाग मी पाहिलेत, आणि नंतर बॅरिकेडवर चढून ढिगाऱ्यात स्वतःचा नंबर शोधताना पण पाहिलेत.

मी स्वतः काय शहाणा नाही. एका वर्षी धावताना खायचे एनर्जी जेल हाताशी राहावेत म्हणून चारही जेल स्वेटशर्टच्या खिशात ठेवले होते, आणि निघताना तो ऐटीत भिरकावून दिला. कळलं कधी? आठव्या किलोमीटरला कमरेकडे हात गेला तेव्हा! तेव्हापासून नियम एकच, फेकायच्या कपड्याचे खिसे आदल्या रात्री सुई-दोरा घेऊन शिवून टाकतो. हसतात घरचे, हसू देत. चावी, फोन, जेल काहीच चुकून सुद्धा आत जाऊ शकत नाही.

फेकायचं कुठे: कोरलच्या कडेला गोळा करायचे डबे किंवा पेट्या असतील तर त्यात, बऱ्याच रेसमध्ये हे कपडे गोळा करून गरजूंना देतात, त्यामुळे जुने असले तरी धुतलेले आणा. डबा नसेल तर बॅरिकेडच्या पलीकडे टाका. डोक्यावरून मागे भिरकावू नका, मागच्याच्या तोंडावर जातं. आणि रस्त्यात तर अजिबात नको. ओल्या रस्त्यावर पडलेली प्लास्टिकची पिशवी किंवा फॉइल म्हणजे केळ्याचं साल समजा, आणि स्वेटशर्टची बाही पायात गुंतून माणूस तोंडावर पडलेला मी अगदी दोन हातांवर पाहिलाय. धावताना काही काढायचं असेल तर मागे बघा, कडेला या, आणि पाण्याच्या स्टेशननंतरच्या कचऱ्याच्या डब्यात टाका किंवा व्हॉलंटियरच्या हातात द्या. रेसचे नियम पण एकदा वाचा, काही ठिकाणी सिक्युरिटीसाठी मोठ्या बॅगा किंवा चेहरा झाकणाऱ्या गोष्टी आत सोडत नाहीत.

आता धावायचे कपडे. तुमच्यासाठी मी म्हणेन: हाफ स्लीव्ह ड्राय-फिट टी-शर्ट, आर्म स्लीव्हज, शॉर्ट्स किंवा गुडघ्यापर्यंतची टाइट, पातळ विणलेले ग्लोव्हज आणि पुढे छज्जा असलेली कॅप. आर्म स्लीव्हज नसतील तर जुने लांब मोजे घ्या, पुढचा पंजा कापा, झाल्या स्लीव्हज. मला फुल स्लीव्हपेक्षा हा प्रकार कायम जास्त आवडतो, कारण गरम झालं की मनगटापर्यंत खाली सरकवायचे, गार झालं की वर, धावता धावता, काही न काढता. फुल स्लीव्हचं तसं होत नाही, एक तर घातलाय नाहीतर काढलाय. फक्त हे सगळं आधी एका लाँग रनमध्ये घालून बघा, रेसच्या दिवशी नवीन काही नको, आणि पाऊस आहे म्हणून काखेत, मांड्यांना, छातीला व्हॅसलिन नेहमीच्या दुप्पट.

आणि आता त्या शेवटच्या अठरा किलोमीटरकडे.

नॉर्मली मी सांगतो की आठ-दहा किलोमीटरला ग्लोव्हज टाकून द्या. तुम्ही टाकू नका. काढा आणि एका छोट्या झिपवाल्या पिशवीत घालून कमरेच्या बेल्टमध्ये ठेवा, कारण 10 नंतर ते कोरडे हवेत. त्याच बेल्टमध्ये एकतर मुठीत मावणारं पातळ विंडप्रूफ जॅकेट, किंवा ते नसेल तर भोकं कापून घडी घातलेली दुसरी कचऱ्याची पिशवी. दिसायला भिकार दिसते पण काम तेच करते.

12 डिग्री ऐकायला काहीच नाही, कोरड्या हवेत तर ती मॅरेथॉनसाठी मस्त हवा आहे. पण अंग ओलं असलं की गणित बदलतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता खेचतं, आणि वर वारा ते ओलं कापड सतत वाळवत राहतो, म्हणजे अजून गार. त्यात तुमचा स्वतःचा स्पीड ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास, समोरून 22 चा वारा असेल तर अंगावर 31 चा लागतो. पाठीमागून असेल तर फक्त 13. म्हणून कोर्सचा मॅप आणि वाऱ्याची दिशा दोन्ही आदल्या रात्री शेजारी ठेवून बघा. जाऊन परत येणारा कोर्स असेल तर जाताना पाठीवर वारा, गरम होतं, माणूस खुशीत एकेक गोष्ट टाकून देतो, आणि यू-टर्न घेतला की तोंडावर थोबाडीत बसावी तसा वारा. तुमचा कोर्स असा असेल तर वळायच्या आधीच्या एक किलोमीटरमध्ये जॅकेट घाला, वळल्यावर नाही. गारठलेल्या बोटांनी चेन लागत नाही.

यात सगळ्यात जास्त अडकतात ते आपल्या स्पीडचे लोक. पेस 6:45 चा 8 झाला, मधे मधे चालणं आलं, की ती पाच-सहा पटीची भट्टी मंदावते, आणि बाहेर पाऊस तोच. उन्हाळ्यात चालणं म्हणजे आराम, ओल्या थंडीत चालणं म्हणजे गारठणं. त्यामुळे चालायला लागायच्या आधी अंगावर चढवा, चाललात की दहा मिनिटांत फरक कळतो. आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही. 2018 ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा, स्टार्टला साधारण 5 डिग्री, मुसळधार पाऊस, समोरून वारा, आणि कितीतरी एलिट रनर्सनी मधेच सोडली. बायकांमध्ये जिंकली डेझिरी लिंडन, 2:39:54 मध्ये, आणि ती जॅकेट घालूनच धावली. तेवढ्या स्पीडने उष्णता तयार करणाऱ्या बाईला जॅकेट लागलं, तर आपण कोण!

पण नुसता पाऊस आला म्हणून लगेच घालायचं नाही. भुरभुर आहे, वारा नाही, पेस टिकलाय, तर तसेच धावा, कॅपच्या छज्ज्यामुळे डोळ्यात पाणी जात नाही एवढं पुरे. मी बोटांवरून ठरवतो. जेलचं पाकीट एका झटक्यात फाडता आलं तर ठीक. दोन-तीनदा निसटलं, बोटं लाकडासारखी वाटली, तर हात गारठलेत, स्लीव्हज वर आणि ग्लोव्हज घाला. धावत असताना हुडहुडी भरली तर जॅकेट लगेच. आणि धावूनही कापरं थांबत नाही, बोलताना जीभ जड होतेय, पाय भलतीकडे पडतोय, सोबतच्याला तुम्ही विचित्र उत्तरं देताय, तर मेडिकल टेंटमध्ये जा, रेस संपली. एखादा रनर आधी खूप कापत होता आणि अंग गरम न होताच अचानक शांत झालाय, गोंधळल्यासारखा वागतोय, तर त्याला एकटं सोडू नका, व्हॉलंटियरला हाक मारा, ते बरं वाटल्याचं नाही तर जास्त बिघडल्याचं लक्षण असतं.

जॅकेट घातल्यावर बिब झाकला जातो, त्यासाठी बिब बेल्ट घ्या, तो जॅकेटच्या वरून फिरवता येतो. पिन्स असतील तर फिनिशच्या आधी चेन उघडा, फोटोवाले नंबरवरूनच शोधतात.

फोरकास्ट उलटला तर? म्हणजे 10 ला पाऊस न येता ऊन पडलं आणि 16-17 डिग्री झाली, तर वरच्या यादीत काहीच बदलायला लागत नाही, फक्त स्लीव्हज खाली, ग्लोव्हज बेल्टमध्येच, जॅकेट बेल्टमध्येच. शंभर ग्रॅमच्या आसपास वजन उगाच वाहिलं एवढंच नुकसान. फुल स्लीव्हवाल्याचं मात्र तिथे भरीत होतं. आणि स्टार्टलाच पाऊस असेल तर आदल्या दिवशीच ठरवा की कोरडे मोजे आणि शूज पिशवीत घालून न्यायचे आणि जुन्या चपलांवर उभं राहायचं, चपला तिथेच सोडायच्या. फोरकास्ट आदल्या रात्री आणि पहाटे निघताना असा दोनदा, तासातासाचा बघा, दिवसाचा सरासरी आकडा बघून काही कळत नाही.

काउंटरला द्यायच्या बॅगेत काय, ते तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतो. फिनिशला 12:05 ला पोचाल, थांबल्या थांबल्या भट्टी बंद आणि कपडे चिंब. तिथून बॅग काउंटरपर्यंत कधी कधी दहा-पंधरा मिनिटं चालत जावं लागतं, त्यामुळे मेडलसोबत फॉइल दिलं तर नको म्हणू नका आणि जॅकेट काढू नका. बॅगेत टॉवेल, कोरडा टी-शर्ट, जाड स्वेटर, कानटोपी, कोरडे मोजे, आणि कपडे नुसते वर ठेवू नका, झिपवाल्या पिशवीत घाला, कारण बॅगा उघड्यावर पावसात ठेवलेल्या असू शकतात. आधी ओला टी-शर्ट काढा, मग बाकी. ओल्यावर स्वेटर चढवून उपयोग नाही. आणि चेनचाच स्वेटर ठेवा हो, 42 किलोमीटरनंतर हात डोक्याच्या वर जात नाहीत.